जॉइनिंग पुढे ढकललं किंवा ऑफर रद्द झाली असा मेल आला, तर आधी काय करायचं

नव्या कंपनीची ऑफर हातात आहे, राजीनामा देऊन झालाय, नोटीस पिरियड चालू आहे, घरी सांगून झालंय, आणि एका संध्याकाळी एचआरचा मेल येतो: काही व्यावसायिक कारणांमुळे तुमचं जॉइनिंग तूर्तास पुढे ढकलण्यात येत आहे. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा ज्याला फोन करावा तो वेगळंच सांगत होता. एक म्हणे वकील गाठ, दुसरा म्हणे गप्प बस, तारीख येईल. पुढे ओळखीतल्या बऱ्याच जणांवर हीच वेळ आली आणि कशाने उपयोग होतो, कशाने नुसता वेळ जातो, हे हळूहळू लक्षात आलं. हा लेख मुख्यतः पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत, विशेषतः आयटीत, नोकरी बदलणाऱ्यांसाठी आहे. फ्रेशरसाठी शेवटी वेगळा भाग दिलाय.

मेल नव्या कंपनीकडून आलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष तिकडे लागतं. पण तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख जुन्या कंपनीतल्या शेवटच्या दिवसाची असते. तो दिवस उलटायच्या आत बऱ्याच गोष्टी करता येतात, उलटल्यावर त्यातल्या मोजक्याच उरतात. पायऱ्यांचा क्रम त्या हिशेबाने लावलाय.

१. त्याच रात्री कागद गोळा करा

ऑफर लेटर बहुतेक कंपन्या उमेदवारांच्या पोर्टलवर ठेवतात. ऑफर रद्द झाली की ते लॉगिन बंद होऊ शकतं, मग आपणच सही केलेलं पत्र आपल्याला दिसत नाही. म्हणून विचार करत बसण्याआधी हे सगळं स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या:

- ऑफर लेटर किंवा लेटर ऑफ इंटेंट, आणि ते तुम्ही स्वीकारल्याचा मेल किंवा पोर्टलवरची नोंद
- जॉइनिंगची तारीख, पगार किंवा नोटीस बायआउटबद्दल नव्या एचआरशी झालेले सगळे मेल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं
- आता आलेला मेल, मूळ स्वरूपात. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांखाली `Download message` असतं. त्याने `.eml` फाइल मिळते. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका
- राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या दिवसाची लेखी नोंद
- जुन्या कंपनीच्या पगाराच्या स्लिपा आणि तुमचं नियुक्तिपत्र

शेवटच्या दोन ओळींतली कागदपत्रं जुन्या कंपनीच्या पोर्टलवर असतात. तिथून फक्त तुमच्या स्वतःच्या नोकरीचे कागद घ्या. त्या घाईत प्रोजेक्टच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवल्यात, तर कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेला ते दिसतं, आणि ज्यांच्याकडे परत जागा मागायची आहे त्यांच्याशीच वाकडं येतं.

मेल खरा आहे ना, हेही लगेच बघून घ्या. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या नेहमीच्याच डोमेनचा आहे का, ते तपासा. 'जॉइनिंग लांबलंय, जागा राखून ठेवायला अनामत भरा' असं कुठे लिहिलं असेल, तर ती फसवणूक समजा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

२. मेल नेमकं काय म्हणतोय ते वाचा

असे मेल मुद्दाम मऊ भाषेत लिहिलेले असतात. दिलगिरीची वाक्यं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: नवी तारीख दिली आहे का, ऑफर कायम असल्याचं स्पष्ट लिहिलंय का, आणि कारण काय दिलंय.

नवी तारीख दिली असेल आणि ती दोन-चार आठवड्यांवरची असेल, तर ते खरोखर पुढे ढकलणं आहे. लॅपटॉप आला नाही, बॅच भरली नाही, क्लायंटचं काम महिनाभर सरकलं, अशी साधी कारणं असतात. इथे जुन्या कंपनीत शेवटचा दिवस तेवढाच पुढे नेता येतो का, एवढाच प्रश्न उरतो.

तारीख नाही आणि 'ऑन होल्ड' किंवा 'पुढील तारीख कळवण्यात येईल' असं लिहिलंय, तर माझ्या मते ती ऑफर गेली असं धरूनच पुढची पावलं टाका. बहुतेकदा ज्या प्रोजेक्टसाठी तुम्हाला घेतलं होतं तो थांबलेला असतो किंवा त्या जागेचं बजेट गोठवलेलं असतं. एचआरच्या माणसालाही तारीख माहीत नसते. तो फोनवर 'बहुतेक पुढच्या महिन्यात होईल' म्हणतो तेव्हा खोटं बोलत असतोच असं नाही, पण त्याच्या 'बहुतेक'वर तुमचा हप्ता भरला जात नाही. उद्या खरंच तारीख आली, तर आनंदच आहे.

'रिव्होक', 'रिसिंड', 'विथड्रॉ' यांपैकी शब्द असेल, तर ऑफर संपली. इथे कारण बारकाईने वाचा. व्यवसायाचं कारण असेल तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं, म्हणजे पूर्वीच्या नोकऱ्यांच्या पडताळणीचं, कारण असेल तर गोष्ट वेगळी. कधी जुन्या कंपनीच्या एचआरने पडताळणीच्या मेलला उत्तरच दिलेलं नसतं. कधी पीएफच्या नोंदीत एकाच महिन्यात दोन कंपन्या दिसतात, कारण आधीच्या कंपनीने तुमच्या सोडण्याची तारीख चुकीची टाकलेली असते. पडताळणीत काय आढळलं ते लेखी मागा, यूएएनचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी उघडून ताडून बघा, आणि रिलीव्हिंग लेटर जोडून फेरतपासणीची विनंती करा. नोंद खरंच चुकीची असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय सोडू नका, नाहीतर पुढच्या कंपनीतही तीच आडवी येते.

३. तुमच्या हातात कुठला कागद आहे

लेटर ऑफ इंटेंट म्हणजे कंपनी तुम्हाला घेऊ इच्छिते, एवढंच. त्यात सहसा पक्की तारीख नसते, आणि त्याच्या जोरावर कंपनीला बांधून ठेवणं अवघड जातं. ऑफर लेटरमध्ये पद, पगार, तारीख असते. तुम्ही ते मुदतीत स्वीकारलंत की भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे तो करार होतो. सही पोर्टलवर केली किंवा नुसता 'मला मान्य आहे' असा मेल केला तरी चालतं, कारण इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्यावरून करार बाद ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ सांगतं. याच्या उलट, स्वीकारलंच नसेल तर कंपनीला प्रस्ताव मागे घेता येतो आणि तुमची बाजू लंगडी पडते.

आता ऑफर लेटरची शेवटची दोन पानं वाचा, जी सही करताना कुणी वाचत नाही. त्यात ऑफर कशाकशावर अवलंबून आहे ते असतं: पडताळणी, वैद्यकीय तपासणी, कधी 'व्यवसायाची गरज'. दुसरं कलम प्रोबेशनमधल्या नोटिशीचं. दोन्ही बाजूंनी एक महिन्याच्या नोटिशीवर नोकरी संपवता येईल असं लिहिलं असेल, तर ते अधोरेखित करून ठेवा. भरपाईच्या हिशेबात ते लागणार आहे.

४. जुन्या कंपनीचं दार वाजवा

ही पायरी लोक लाजेने टाळतात, आणि नेमकं इथेच सर्वांत जास्त वाचवता येतं.

एक उदाहरण धरू. तुम्ही 3 मार्चला राजीनामा दिलात. नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस 31 मे. नवं जॉइनिंग 2 जूनला. 'ऑन होल्ड'चा मेल आला 16 मेला. हातात पंधरा दिवस आहेत. तुमच्या जागी माणूस घेतलाय का? काम हस्तांतरित होत आलंय का? क्लायंटला कळवलंय का? यातलं काय काय झालंय, त्यावर तुमची परत राहण्याची शक्यता ठरते, आणि रोज थोडी थोडी कमी होते.

आधी थेट मॅनेजरशी बोला, एचआरशी नंतर. मॅनेजरला तुम्ही हवे असाल तर तो एचआरकडून करून घेतो. त्याला नको असाल तर एचआर काही करत नाही. काय झालं ते खरं सांगा. 'मला इथलं वातावरण सोडवत नाही' वगैरे नाटक कुणाला पटत नाही. 'सर, नवीन ठिकाणी जॉइनिंग थांबलंय. मी राजीनामा मागे घ्यायला तयार आहे. ते जमत नसेल तर निदान शेवटचा दिवस दोन महिने पुढे नेता येईल का?' एवढं बोलणं पुरे. दोन पर्याय ठेवल्याने समोरच्याला एकदम नाही म्हणणं जड जातं. शिवाय मुदतवाढ हा मॅनेजरच्याही सोयीचा सौदा असतो, कारण हस्तांतर क्वचितच वेळेत झालेलं असतं.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल टाका. राजीनाम्याच्याच मेलच्या साखळीत, मॅनेजर आणि एचआर दोघांना. मेल इंग्रजीत जाईल, आशय असा ठेवा:

> 3 मार्चला दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे. तो 31 मेपासून अमलात येणार होता. मी माझ्या सध्याच्या पदावर आणि सध्याच्या अटींवर काम चालू ठेवण्यास तयार आहे. हे शक्य नसल्यास शेवटचा दिवस 31 जुलैपर्यंत वाढवावा ही विनंती. कृपया लेखी कळवावे.

कायद्याने कंपनी बांधील आहे का? साधारण तत्त्व असं, की पुढच्या तारखेपासून अमलात येणारा राजीनामा ती तारीख यायच्या आत मागे घेता येतो, करारात किंवा सेवानियमांत वेगळं काही नसेल तर. 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा दिला होता आणि मे 2014 मध्ये मागे घेतला. राजीनामा स्वीकारल्याचं त्याला रीतसर कळवलंच गेलं नव्हतं आणि मधल्या काळात तो कामावर होता, हे तिथे निर्णायक ठरलं. पण कोकण रेल्वे सरकारी उपक्रम आहे. खासगी कंपनीत राजीनामा स्वीकारल्याचा मेल आलेला असेल आणि करारात 'कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येणार नाही' असं असेल, तर सगळं त्यांच्या मर्जीवर. म्हणून मेलमध्ये हक्काची भाषा नको, विनंतीची ठेवा. तारीख मात्र नोंदली गेली पाहिजे.

नाही म्हणाले, तर दोन गोष्टी मागून घ्या. राहिलेली रजा नोटिशीत वजा करू नका असं सांगा, म्हणजे शेवटचा दिवस आणखी अलीकडे येणार नाही. आणि कंपनीचा आरोग्य विमा कधी संपतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या दिवशीच संपतो. घरात कुणाचं ऑपरेशन किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर ही गोष्ट पगाराइतकीच महत्त्वाची आहे.

५. नव्या कंपनीला एकच, नीट मेल

राग आलेला असतो, तो मेलमध्ये उतरवू नका. लिंक्डइनवर कंपनीचं नाव घेऊन लिहिण्याचा मोहही निदान त्यांचं उत्तर येईपर्यंत आवरा. उद्देश एवढाच, की पुढे लागला तर कागद तयार हवा.

मेलमध्ये क्रमाने लिहा: अमुक तारखेला ऑफर मिळाली, अमुक तारखेला मी ती स्वीकारली, त्या भरवशावर अमुक तारखेला राजीनामा दिला, आणि हे तुमच्या एचआरला माहीत होतं. मग विचारा: ऑफर कायम आहे का? जॉइनिंगची नवी तारीख कोणती? तीस दिवसांत तारीख देता येत नसेल तर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये किंवा दुसऱ्या शहरात जागा आहे का? मधल्या काळासाठी कंपनी काही रक्कम देणार आहे का? उत्तरासाठी सात दिवस द्या.

दुसऱ्या प्रोजेक्टचा प्रश्न उगाच घातलेला नाही. मोठ्या कंपनीत एका विभागाचं बजेट गोठतं तेव्हा शेजारच्या विभागात भरती चालू असते, पण तुमचं नाव आपणहून तिकडे कुणी सरकवत नाही. ज्याने तांत्रिक मुलाखत घेतली होती त्याला वेगळा, सभ्य मेसेज टाका. एचआरपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

इथे एक सापळा आहे. काही कंपन्या थोडी रक्कम देऊ करतात आणि सोबत 'परस्पर संमतीने ऑफर रद्द, आता कसलाही दावा नाही' अशा कागदावर सही मागतात. रक्कम पटली तर घ्या, पण सही केलीत की पुढच्या पायरीचा रस्ता बंद होतो. आणि पैसे न देता नुसती 'मेल मिळाल्याची पोच द्या' असं म्हणत असतील, तर 'मेल मिळाला, मजकूर मान्य नाही' असं लिहा.

६. भरपाई: किती मिळू शकते आणि खटाटोप करावा का

न्यायालय कंपनीला 'याला नोकरीवर घ्याच' असं सहसा सांगत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, हे विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं, म्हणजे 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं, कलम 14 सांगतं. उरते ती करार कायद्याच्या कलम 73 खालची नुकसानभरपाई. तिथेही नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत ते बघितलं जातं. घरी बसून सहा महिन्यांचा पगार मागता येत नाही. म्हणून चौथ्या पायरीतला राजीनामा मागे घेण्याचा मेल आणि नव्या अर्जांच्या पोचा जपून ठेवायच्या.

वरच्याच उदाहरणाचा हिशेब करू. नव्या नोकरीत महिना एक लाख वीस हजार ठरले होते. जुन्या कंपनीने ठेवून घेतलं नाही, आणि दोन महिन्यांनी तुम्हाला दुसरीकडे तेवढ्याच पगाराची नोकरी लागली. तुमच्या मते नुकसान दोन लाख चाळीस हजार. कंपनीचा वकील प्रोबेशनचं कलम दाखवणार: 2 जूनला रुजू करून घेऊन त्याच दिवशी एक महिन्याची नोटीस दिली असती, तरी एकच पगार द्यावा लागला असता, तेव्हा मर्यादा एक लाख वीस हजार. हा मुद्दा न्यायालयात बऱ्याचदा चालतो. त्यांच्या लेखी सांगण्यावरून तुम्ही नोटीस बायआउटचे पैसे भरले असतील किंवा घर बदललं असेल, तर ते वेगळं मागता येतं, पावत्या असतील तरच.

म्हणून माझं मत असं: वकिलाची नोटीस पाठवायला हरकत नाही. तिचा खर्च आवाक्यात असतो आणि काही कंपन्या तेवढ्यावर एक महिन्याचा पगार देऊन विषय संपवतात. दिवाणी दावा मात्र लाखभर रुपयांसाठी वर्षानुवर्षं चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. घाईही नाही, करार मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. आधी नोकरी शोधा. दावा केलाच, तर मेल पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पहिल्या पायरीतली `.eml` फाइल तिथे कामाला येते.

७. शोध पुन्हा सुरू करताना

या ऑफरसाठी ज्या दुसऱ्या ऑफर नाकारल्या होत्या, पहिला फोन तिकडे. महिना-दोन महिन्यांत ती जागा भरलेली नसेल तर मुलाखतीच्या फेऱ्या नव्याने द्याव्या लागत नाहीत. नोकरीच्या पोर्टलवर नोटीस पिरियडच्या रकान्यात 'नोटीस चालू' असं निवडा आणि शेवटच्या दिवसाची तारीख घाला. तातडीने माणूस हवा असलेले रिक्रूटर त्याच रकान्यावर चाळणी लावतात, त्यामुळे एरवी अडचणीची वाटणारी ही स्थिती इथे फायद्याची ठरते.

मुलाखतीत विचारलं तर एका वाक्यात सांगा: ऑफर होती, प्रोजेक्ट थांबल्याने कंपनीने ती मागे घेतली, मेल दाखवू शकतो. त्या कंपनीचं नाव सीव्हीत घालू नका, तिथे तुम्ही काम केलेलंच नाही. आणि पगाराबाबत पहिला आकडा येईल त्यावर मान डोलावू नका. रिक्रूटरला तुमची निकड कळली की तो जुन्या पगारावर हिशेब धरायला बघतो. तुम्ही रद्द झालेल्या ऑफरचा आकडा समोर ठेवा, तो लेखी आहे.

८. फ्रेशर असाल तर

तुमच्याकडे सोडायला जुनी नोकरी नाही, त्यामुळे तातडी कमी आणि ताटकळणं जास्त. कॅम्पसमधून निवड झालेल्यांना लेटर ऑफ इंटेंट देऊन वर्ष-दोन वर्षं थांबवून ठेवल्याच्या बातम्या 2022 नंतर वारंवार आल्या. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला लेखी कळवा. एकाच बॅचच्या मुलांनी मिळून कळवलं तर जास्त चांगलं, कारण कंपनीला पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात यायचं असतं. पुण्यात 'नाइट्स' नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. तिने असे विषय केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेलेत.

वाट बघताना दुसरीकडे रुजू व्हायला अडचण नाही, लेटर ऑफ इंटेंटने तुम्हाला बांधलेलं नसतं. मात्र दुसऱ्या कंपनीचा सर्व्हिस बॉण्ड किती महिन्यांचा आणि किती रकमेचा आहे ते सही करण्याआधी बघा. पहिल्या कंपनीची तारीख नेमकी त्या बॉण्डच्या मधोमध येऊ शकते. आणि जॉइनिंगआधी पुन्हा एखादी परीक्षा घेऊन गाळणी लावणार असल्याचा मेल आला, तर अभ्यासक्रम, पास होण्याचे गुण आणि नापास झाल्यास काय, ही तीन उत्तरं लेखी मागून घ्या, मगच तयारीला लागा.